मशीनवाल्याला पाठवलेला कच्चा टाका

माझ्या नणंदेचं शिवणकाम बघायला लांबून बायका येतात, पण त्यांचं खरं कसब मी एकदाच पाहिलं, आणि तेव्हा त्यांच्या हातात सुई नव्हती, मोबाईल होता. मी त्यांची धाकटी भावजय. आमच्या दोघींचं दुकान. मी गिऱ्हाईक सांभाळते आणि तोंड वाजवते, वन्सं कापतात आणि शिवतात. एकोणपन्नास वर्षांच्या. लग्न फार पूर्वी मोडलं, त्यावर कधी रडगाणं नाही. कुणी उगाच हळहळलं तर म्हणतात, "कापड चांगलं होतं, माप चुकलं." विषय संपला.

दुकानातल्या मशिनी दुरुस्त करायला एक माणूस येतो. सदतीस वर्षांचा, अविवाहित, बोलायला जरा घुमा, पण वन्संशी वाद घालायला लागला की घड्याळ बघत नाही. कुठली सुई कुठल्या कापडाला, यावर दोघं अर्धा तास भांडायचे. तो गेल्यावर वन्सं उगाच बॉबिनची डबी आवरत बसायच्या. मला काय कळत नाही होय? माझे केस उन्हात पिकलेले नाहीत.

शेवटी मीच तोंड उघडलं. वन्संनी सुई बोटात टोचून घेतली, हे एवढं उत्तर मला पुरलं. मग त्यांनी जे सांगितलं ते मात्र माझ्या ध्यानीमनी नव्हतं. म्हणाल्या, "आवडतो. पण तो मला ताई म्हणतो. मी काही बोलले आणि त्याला अवघडलं, तर तो दुकानात यायचा बंद होईल. त्याचं काम जाईल आणि माझं भांडण जाईल. मला भांडण जायला नकोय."

एवढीच गोष्ट होती. बाईला भांडणाची सोबत गमवायची नव्हती.

मी म्हटलं, मेसेज पाठवा, समोर तोंडावर कशाला. आणि उत्साहाच्या भरात मीच लिहून दिला. "वयाने म्हातारी असले तरी मनाने कोवळी आहे, हसू नका हं." वन्संनी वाचला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी उलटा कोट शिवून आणलाय. म्हणाल्या, "अगं, असं लिहिलं की त्याला 'छे छे, तुम्ही कुठे म्हाताऱ्या' म्हणावंच लागेल. पहिल्याच मेसेजात त्याच्याकडून खोटं बोलवून घ्यायचं?" मग माझ्या लेकीने तोंड घातलं. ती कॉलेजात शिकते, तिला सगळं कळतं. तिचं म्हणणं, वयाचा उल्लेखच नको, फोटो बदला, केस रंगवलेला लावा, आणि शेवटी एक लाल बदाम. वन्संनी तेही पुसलं. "फोटो बघून तो येईल, आणि मला बघून जाईल. वय लपवलं तर लपवणाऱ्याला भीती, सांगितलं तर ज्याचं त्याला ठरवता येतं." मग मी म्हटलं, निदान त्याच्या तरुणपणाचं कौतुक तरी करा. त्यावर त्या चिडल्या. "पोरगं आहे का तो? कौतुक करायचंच तर त्याच्या कामाचं करीन."

मग त्या आमच्या दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊन बसल्या आणि स्वतः लिहायला लागल्या. लिहिताना मला म्हणाल्या की नव्या गिऱ्हाइकाचा झगा आपण आधी कच्च्या टाक्याने जोडतो ना, तसंच हे. लांब, सैल टाका. अंगाला बसलं तर मागून पक्की शिवण, नाही बसलं तर दोरा ओढून काढायचा, कापडावर खूण राहता कामा नये. मी ही गोष्ट रोज बघते, पण कधी अशी डोक्यात आली नव्हती.

मेसेज मला आजही पाठ आहे. "काल तुम्ही मशीन दुरुस्त केलंत, आता अजिबात आवाज करत नाही. दुकान एकदम शांत झालंय, त्याची दुरुस्ती कोण करणार? रविवारी सकाळी कॉफी प्यायला याल का? मशीन बघायला नाही, मला भेटायला. मी तुमच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी आहे, हे आपल्या दोघांना माहीत आहे, मला त्याची अडचण नाही. तुम्हाला असेल तर 'ताई, नको' एवढंच लिहा, मी समजेन आणि पुन्हा विषय काढणार नाही. मशिनीला तेल घालायला मात्र काहीही झालं तरी तुम्हीच यायचं."

मी वाचलं आणि पुन्हा वाचलं. थट्टा होती, पण नीटनेटकी. वय एकदाच, ना माफी ना बढाई. आणि बाहेर पडायचं दार त्यांनी स्वतःच त्याच्यासाठी उघडून ठेवलं होतं, त्याची किल्ली म्हणजे त्याचाच रोजचा शब्द, ताई. कामाचं आश्वासनही दिलं, म्हणजे नकार दिला तरी त्याच्या पोटावर पाय येणार नव्हता. दुपारी, दोघांच्याही कामाच्या मधल्या सुट्टीत, त्यांनी तो पाठवला. रात्री पाठवला असता तर त्याचा रंग वेगळाच झाला असता, असंही म्हणाल्या.

निळ्या खुणा लगेच आल्या, उत्तर नाही.

संध्याकाळ होत आली तरी नाही. आता माझाच जीव टांगणीला लागला. मी म्हटलं, वन्सं, पुसून टाका, म्हणा चुकून गेला. नाहीतर एक हसरा चेहरा टाका, जरा हलकं होईल. मोबाईल उचललाही मी, आणि बोट पुसायच्या खुणेवर नेलंही. वन्संनी शांतपणे तो माझ्या हातातून काढून घेतला आणि कपाटात ठेवला. "टाका घातल्यावर कापड ओढायचं नाही," म्हणाल्या. "त्याला विचार करू दे. मी घाई केली तर मोठी मी कसली?" आणि बाईसाहेब पुन्हा बाहीला अस्तर लावायला बसल्या. नजर मात्र दर थोड्या वेळाने कपाटाकडे जायची. पण टाका एकही वाकडा गेला नाही. मला तेव्हा त्यांचा इतका अभिमान वाटला की डोळे भरले, आणि मी गिऱ्हाइकावर उगाच ओरडले.

दुकान बंद करताना कपाटातून आवाज आला. वन्सं हलल्या नाहीत. म्हणाल्या, तूच वाच, पहिला शब्द बघून सांग.

पहिला शब्द ताई नव्हता.

मी मोठ्याने वाचलं. "बारा नाही, साडेअकरा. दुकानात कापलेल्या तुमच्या वाढदिवसाच्या केकवर एकोणपन्नासची मेणबत्ती होती, मी त्याच दिवशी हिशेब केला. उत्तराला उशीर झाला, कारण तुम्हाला काय हाक मारायची ते ठरत नव्हतं. अजून ठरलेलं नाही. रविवारी किती वाजता येऊ?"

वन्संनी मोबाईल हातात घेतला, पुन्हा वाचला, आणि मला म्हणाल्या, "बघ, मापाला माझ्यापेक्षा पक्का आहे." मग त्या खुर्चीवर बसल्या आणि बराच वेळ रडल्या, आणि मी शेजारी बसून राहिले.