मेली म्हणून सांगितलेली कंपनी

मालकाच्या वकिलाने राजपत्राचे कात्रण नाचवले आणि मी, कामगार संघटनेचा चिटणीस, फसलो. सांगलीच्या कामगार न्यायालयाबाहेर तो म्हणाला, "कंपनीच उरली नाही. आता भांडणार कुणाशी?" संघटना केली म्हणून अठरा कामगारांना काढून टाकले होते. त्यांना परत घ्या, एवढीच आमची मागणी. मी कात्रणावरचे कंपनीचे नाव पाहिले, 'वगळणे' हा शब्द पाहिला, आणि रागाच्या भरात पत्रक छापले: 'मालकाने कंपनी मारली!'

त्या अठरांतला लेथवरचा एक टर्नर कडेगावचा, लष्करातून परतलेला. पत्रक वाचून म्हणाला, "लय झ्याक लिवलंयस. पर मढं बघितलंस का, गड्या?"

"राजपत्रात आलंय."

"आमच्या पलटणीत खात्री केल्याबिगर कुणाला मेला म्हणून लिवत न्हवते. जा, बघून ये."

मला राग आला. तरीही मी मुंबईला गेलो. कंपन्यांची नोंद ठेवणाऱ्या निबंधकाच्या कचेरीत ठरलेली फी भरली की कुणालाही कंपनीची फाइल पाहता येते. मला ते ठाऊकच नव्हते. कारकुनाने फाइल पुढ्यात टाकली.

"पेन खिशात. टिपणं पेन्सिलीनं."

"कंपनी कधी बंद झाली, तेवढं सांगा."

"कोण म्हणतं बंद झाली? नोटीस नीट वाचा की, साहेब!"

वाचली. तीन महिन्यांत कुणी सबळ कारण दाखवले नाही, तर कंपनीचे नाव नोंदवहीतून वगळले जाईल, असे तिच्यात होते. वगळले, असे कुठेच नव्हते. मुदतीचे अकरा दिवस बाकी होते. दिवाळे नाही, उच्च न्यायालयात कंपनी गुंडाळण्याचा अर्जही नाही. खाली संचालकाचे, म्हणजे आमच्या मालकाचे, पत्र होते: 'धंदा बंद आहे, कोणताही वाद प्रलंबित नाही.' त्या पत्राच्या तारखेच्या आठवड्यात त्याचा वकील आमच्याच खटल्यात मुदत मागत उभा होता!

मी तिथेच बाकावर बसून हरकत लिहिली. संचालकाचे म्हणणे खोटे आहे, खटला चालू आहे, नाव वगळू नका. पोच घेतली. नोटिशीच्या आणि पत्राच्या प्रमाणित नकलांसाठी अर्ज टाकला.

पुढच्या तारखेला त्या नकला न्यायाधीशांपुढे गेल्या. निबंधकाने नाव वगळणे थांबवले होते. वकिलाने तिथेही 'कंपनी उरली नाही' असे म्हणताच न्यायाधीशांनी विचारले, "कंपनी नाही, तर तुम्ही कुणाच्या वतीने उभे आहात?" वकील कागद चाळत राहिला. खटला पुढे चालू झाला.

बाहेर आल्यावर मी नव्या पत्रकाचा मथळा सांगितला: 'मालकाचा खोटेपणा उघड!'

टर्नरने नकारार्थी मान हलवली. "आदी आपली चूक लिव. मग त्येची."

"लोक हसतील."

"हसू देत की. खोटं लपवायचं काम मालकाचं हाय, आपलं न्हवं."

त्या पत्रकाची पहिली ओळ होती: 'मागच्या पत्रकात आम्ही न तपासता लिहिले.' दुसरी: 'आता तपासले आहे. कंपनी हयात आहे, आणि आम्ही तिच्या दाराशी उभे आहोत.' कारखान्याच्या फाटकावर मी ते माझ्या हाताने चिकटवले. पहारेकऱ्याने फाडले. मी दुसरे चिकटवले.