बद्रीनाथ कोतवालाचा निरोप

बद्रीनाथ लिंबवाडीचा कोतवाल. सरकारी कागदावर आता त्याला महसूल सेवक म्हणतात, पण गावाच्या तोंडी कोतवाल हा शब्द बसला तो बसलाच. पूर्वी वरच्या बंधाऱ्याचे दरवाजे उघडायचे ठरले, की तो हलगी घेऊन वेशीपासून निघायचा तो थेट नदीच्या पात्रापर्यंत. गाई-म्हशी, धुणं, वाळूतल्या काकड्या, सगळं त्याच्या हलगीवर उठायचं. माणूस बुटका, आवाज मात्र दणदणीत. लग्नात त्याला कुणी माईक देत नसे. द्यायची गरजच पडत नसे.

मग पाण्याच्या सूचनेसाठी ॲप आलं. ज्यांच्याकडे मोठा फोन त्यांना सूचना जाऊ लागली. पण नदीत उतरतात त्या बायका, म्हातारी माणसं आणि शेळ्या राखणारे. त्यांच्या कमरेच्या पिशवीत बटणाचा फोन. म्हणून यंदा तालुक्याच्या कचेरीतून त्या फोनांवरही निरोप पाठवायचं सुरू झालं. एक साधा एसएमएस आणि त्याच्या जोडीला थेट स्क्रीनवर उघडणारी पाटी. पाटीखाली लिहिलेलं असे, समजलं असेल तर १ दाबा, मदत हवी असेल तर २. उत्तराला पैसे पडत नसत. गावातले नंबर बद्रीनाथनेच गोळा करून दिले होते. त्यात बायकोचा, रुक्मिणीबाईचाही होता.

भादव्यातल्या त्या दुपारी त्याची कचेरीत पाळी होती. वर डोंगराकडे सकाळपासून पाऊस धरला होता. लिंबवाडीत मात्र ऊन पडलं होतं. दुपारी बंधाऱ्यावरून फोन आला आणि संगणकावर बसणाऱ्या तेजश्रीने निरोप सोडला. एकेका नंबरापुढे उत्तरं उमटू लागली. बद्रीनाथ तिच्या खुर्चीमागे उभा राहून रुक्मिणीबाईच्या नंबराची ओळ शोधत होता.

"ही बघा, काका," तेजश्री म्हणाली. "एसएमएस पोचला न्हाई. फोन चालू हाय, पण आत जागा न्हाई. जागा झाली की जाईल."

"अन् पाटी?"

"पाटी उघडली होती. त्यांनी बंद केली."

रुक्मिणीबाई या दिवसांत शेळ्या घेऊन बेटावर जाते, हे बद्रीनाथला माहीत होतं. बेट म्हणजे नदीच्या मधोमधचा उंचवटा. गवत चांगलं म्हणून जायचं, आणि पाणी सुटलं की अर्ध्या तासात त्याचा मागमूस राहायचा नाही.

त्याने लगेच तिचा नंबर लावला. पलीकडून बाई गोड आवाजात म्हणाली, या क्रमांकावर येणाऱ्या कॉलची सेवा बंद आहे.

रिचार्ज. महिना संपून गेला होता. ती दोनदा म्हणाली होती, "अवो, माझ्या फोनचं काहीतरी करा." हा म्हणाला होता, करतो. पॅक संपला, आधी जाणारे कॉल बंद झाले, मग येणारेही. फक्त कंपनीचे मेसेज तेवढे येत राहिले, रिचार्ज करा, रिचार्ज करा, आणि त्यांनीच तिचा फोन भरून टाकला.

त्याने हैदरला फोन लावला. हैदरचं फाट्यावर पंक्चरचं दुकान.

"हैदरभाई, रुक्मिणी बेटावर हाय. पाणी सुटलंय."

"हां, मोबाइलवर आलं माझ्या. निघालोच." थोड्या वेळाने त्याचाच फोन आला, मागे वाऱ्याचा घोंघाट. "बद्रीभाऊ, ओढ्याला पाणी आलंय, गाडी पुढं जात न्हाई. वरडून वरडून घसा बसला. वारं उलटं हाय, भाभीला आयकू जाईना."

"दिसती का?"

"बाभळीच्या आड शेळ्या दिसत्यात. भाभी न्हाई."

"तिथंच थांब. वरडत राहा."

तेजश्रीने पाटी पुन्हा सोडली. दोघं पडद्याकडे डोळे लावून बसले. उघडली. बंद केली. पुन्हा सोडली. पुन्हा बंद.

"काका, त्या १ कावून दाबत न्हाईत? नेटवर्क तर हाय."

बद्रीनाथला ठाऊक होतं कावून. मागं एकदा अशीच पाटी आली, हिने काहीतरी दाबलं, आणि फोनला भजनाची ट्यून लागून बॅलन्स गेला. तेव्हापासून गल्लीतल्या सगळ्या बायकांनी ठरवूनच टाकलं होतं, आपोआप काही उघडलं की वाचायचं नाही, लाल बटण दाबायचं. आणि वाचायचं म्हटलं तरी पाटी इंग्रजी अक्षरांत. मराठी पाठवलं तर तिच्या फोनवर नुसते चौकोन उमटायचे. रुक्मिणीबाई चौथी शिकलेली. इंग्रजीतले तिला येत ते फक्त आकडे.

"मजकूर बदल की," तो म्हणाला.

"एसएमएसचा बदलता येत न्हाई, तो मंजूर करून घेतलेला असतो. पाटीचा येतो. पण काय लिहू?"

बद्रीनाथ भिंतीला टेकला. जन्मभर गावाला ओरडून निरोप दिला, आणि आता घरच्या माणसाला चार शब्द कळवता येईनात. काठावर चढ, एवढंच तर सांगायचं होतं.

"माझा नंबर लिव्ह," तो एकदम म्हणाला. "दुसरं काय बी नको. वर माझा नंबर, त्याच्या खाली परत माझाच नंबर."

"नुसता नंबर?"

"आमच्यात दोन मिसकॉल म्हंजे असंल तशी घरी ये. ती उचलत न्हाई, निघती. माझा नंबर तिला वळखू येतो. लिव्ह लेकरा, लवकर."

तेजश्रीने लिहिलं. सोडलं. पाटी उघडली. उघडीच होती. अजून उघडीच.

बंद केली.

"न्हाई काका," तेजश्री हळू आवाजात म्हणाली. "लालच दाबलं."

पुढच्या खेपेला नेटवर्कवर तिचा फोनच सापडेना. एसएमएस निदान वाट बघत थांबतो; पाटी थांबत नाही, फोन नसला की गेली.

बद्रीनाथ चप्पल न घालताच बाहेर पडला. मिळाली त्या जीपच्या मागच्या फळीला लटकून निघाला. वाटेत कुणीतरी म्हणालं, "कोतवालसाहेब, आज हलगी कुठंय?" त्याने ऐकलंही नाही. हैदरचा फोन लागत नव्हता. ओढ्याजवळ उतरला तेव्हा नदीचा आवाज लांबूनच येत होता. तो आवाज त्याला लहानपणापासून माहीत होता. त्या आवाजात माणसाचा आवाज शोधत तो काट्याकुट्यांतून पळाला.

गावाकडच्या काठावर हैदर उभा होता. त्याच्या पायाशी रुक्मिणीबाई बसली होती, कमरेपर्यंत भिजलेली, दोन करडं पोटाशी धरून. फोनमधून पाणी गळत होतं.

"कावून बोलवलं?" ती ओरडली. "दोनदा नंबर आला, वाजलं न्हाई काय न्हाई. म्हणलं घरी कुणी मेलं का काय! लाल दाबलं अन् निघाले. मधे येते तर पाणीच अंगावर आलं."

"अन् त्याच्या आधी? तीनदा आलं की."

"ती कंपनीची. ती कोण बघतंय?"

तो तिच्याजवळ खाली बसला. तिने त्याच्या रक्ताळलेल्या पायांकडे पाहिलं.

"बाकीच्या शेळ्या यीनात," ती म्हणाली. "दोघींना वढलं, पर पाण्याला भ्यायल्या. उचलली ती ही दोन."

समोर बेटावर शेळ्या एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. उंचवटा बारीक बारीक होत चालला होता. हैदर तोंड फिरवून गाडीकडे गेला. रुक्मिणीबाई मात्र एकेकीला नावाने हाका मारत राहिली, आणि पलीकडून ओरडणं येत होतं तोवर बद्रीनाथनेही तिला ऊठ म्हटलं नाही.