चाळीस शब्दांची चौकट

"जाहिरात वाचून माणूस घरातून निघतो, तवा त्याला कुठं जायचं ते तरी सांगा," असं उज्ज्वला एकदा कंपनीच्या बीडच्या कार्यालयात म्हणाली होती.

हे ती म्हणाली तेव्हा तिच्यासमोर लिंबागणेशचा एक माणूस अंथरुणाची वळकटी घेऊन उभा होता. शेळीपालक कंपनीला ड्रायव्हर हवा होता. जाहिरातीत पत्ता बीडच्या कार्यालयाचा होता, गाडी मात्र नांदूरघाटच्या केंद्रावर चालवायची होती आणि राहायचंही तिथंच होतं. हे कुठंच छापलेलं नव्हतं. छापलं होतं ते असं, की कंपनी माजी सभापती मा. सुंदररावजी साहेब यांच्या प्रेरणेने चालते. त्या माणसाची आई आजारी होती. बीड जवळ होतं, नांदूरघाटला राहणं त्याला जमणार नव्हतं. त्यानं कार्यालयातलं पाणी प्यायलं आणि वळकटी उचलून तो परत गेला.

त्यानंतर कंपनीच्या जाहिराती उज्ज्वलाकडे आल्या. तसं कुणी ठरवलं नव्हतं. केंद्रावरची बरीच कामं अशीच तिच्याकडे आलेली होती.

ती मेंढरं-शेळ्या राखणाऱ्या घरातली. वडील सटवा यांच्या मागं माळावर फिरतच तिची शाळा झाली, बारावी तिनं लग्नानंतर बाहेरून दिली. नवरा लखन टेंपो चालवतो, आठवड्यातले निम्मे दिवस बाहेर असतो. केंद्रावर ती मदतनीस म्हणून लागली त्याला आता सात वर्षं झाली. कोणत्या गावात लस कधी द्यायची, कुणाची शेळी गाभण आहे, वजनकाटा कुठं अडतो हे ती बघते. व्यवस्थापक सोडून गेल्यापासून सह्या सोडून सगळंच ती बघते. पगार मदतनिसाचा.

दिवाळीनंतर संचालक मंडळानं व्यवस्थापकाची जागा भरायचं ठरवलं. कामाचं वर्णन तीन पानांचं निघालं. सुंदररावांनी, म्हणजे कंपनीच्या अध्यक्षांनी, प्रत्येक पानाखाली सही केली. त्यात पात्रता दोन प्रकारे सांगितली होती. पशुसंवर्धनाची पदविका आणि दोन वर्षांचा अनुभव. किंवा बारावी आणि शेळीपालनाचा पाच वर्षांचा अनुभव. दुसरा पर्याय बैठकीत एका संचालकानं सुचवला होता, पदविकावाली मुलं खेड्यात टिकत नाहीत म्हणून. उज्ज्वलाचं नाव कुणी घेतलं नव्हतं. चहा तीच वाटत होती.

वर्तमानपत्रातल्या चौकटीत चाळीस शब्द बसत होते. मोठ्या चौकटीला मंडळाची मंजुरी नव्हती.

तीन पानांतून चाळीस शब्द काढायला ती सकाळी केंद्राच्या ओट्यावर बसली. आधी कामांची यादी गेली, कारण काम काय ते व्यवस्थापक या शब्दात आलं होतं. मग 'मनमिळाऊ स्वभाव' गेला. 'संगणकाचे ज्ञान असल्यास प्राधान्य' गेलं. प्राधान्य म्हणजे अट नव्हे, ते मुलाखतीत विचारता येतं. कंपनीचा इतिहास गेला. दुसऱ्या पर्यायाशी आल्यावर तिचा हात थांबला. तिनं तेवढा भाग झाकून जाहिरात वाचली, मग उघडा ठेवून वाचली. झाकून वाचली तेव्हा ती सुटसुटीत होती, आणि खोटी होती. उघडी खरी होती. पण तिच्या हातून आलेलं खरं लोकांना कसं दिसेल, हेही तिला समजत होतं. तिनं तो भाग ठेवला. मग पिशवीतून एक कोरा कागद काढून त्यावर बराच वेळ काही लिहिलं आणि तो घडी घालून परत पिशवीत टाकला.

दुपारी सुंदरराव पुतण्या हनुमानसोबत केंद्रावर आले. हनुमान कंपनीचा हिशेब बघतो आणि वर्तमानपत्राला मजकूर मोबाईलवरून पाठवतो. त्यानं कागद मोठ्यानं वाचला.

"माळरान शेळीपालक कंपनी, नांदूरघाट, ता. केज येथे केंद्र व्यवस्थापक पाहिजे. पात्रता: पशुसंवर्धन पदविका व दोन वर्षे अनुभव, किंवा बारावी व शेळीपालनाचा पाच वर्षे अनुभव. मुक्काम नांदूरघाटलाच. पगार दरमहा २२,००० रुपये. अर्ज बीड कार्यालयात ३० नोव्हेंबरपर्यंत." खाली फोन नंबर होता.

"झ्याक हाय," हनुमान म्हणाला. "पण ताई, पगार कावून टाकला? 'आकर्षक पगार' लिवायचं की."

"आकर्षक म्हणजे किती, हे इचारायला शंभर फोन येतील. ते तुमी घेणार?"

"मी न्हाई बा. आधीच बायकोचे फोन घेऊन कान तापलेत."

सुंदरराव हसले नाहीत. ते कागदाकडे बघत होते. "माझी प्रेरणेची ओळ कुठं गेली?"

"आबा, बसत न्हाई. घातली तर चार शब्द जास्त होतेत," उज्ज्वला म्हणाली.

"लसीच्या पत्रकावर माझी ओळ अस्ती, शेळ्यांच्या कानातल्या बिल्ल्यांच्या पाकिटावर अस्ती. आन् हितं न्हाई?"

"शेळ्या वाचत न्हाईत ना आबा, म्हणून तिथं चालतंय," हनुमान म्हणाला.

"गप बे." सुंदररावांनी पेन काढलं. "चारच शब्द ना? मुक्काम काढ. पगार काढ."

"मुक्काम काढला तर पुन्हा वळकटीवाला यायचा," उज्ज्वला म्हणाली. "आन् पगार न्हाई टाकला तर आलेला माणूस आकडा ऐकून जायचा. दोघांचा दिवस वाया."

"मग तूच सांग काय काढायचं."

"तुमची ओळ काढलीय की."

ओट्याखाली एक शेळी अंग घासत होती. हनुमाननं मोबाईल खिशात ठेवला आणि पुन्हा बाहेर काढला.

सुंदररावांचं पेन कागदावर फिरत 'किंवा'पाशी येऊन थांबलं. त्यांनी पहिल्यांदाच मान वर केली. "उज्ज्वला, खरं सांग. तू अर्ज करणार हायस का?"

ती नाही म्हणू शकली असती. बघू, असंही म्हणू शकली असती. त्या गावात बघू या शब्दावर पुष्कळ वर्षं निघतात.

"हो," ती म्हणाली.

"मग बारावीचं काढाय पायजे. लोक म्हणतील, सुंदररावानं घरच्या बाईसाठी जागा काढली."

"मी घरची कुठं हाय आबा? मी पगारी हाय."

"तेच ते."

"मूळ वर्णनात दोन्ही हायेत. तुमच्या सहीखाली."

"मूळ कोण वाचतंय? लोक पेपर वाचतेत." त्यांच्या आवाजात राग नव्हता. एखादी जुनी गोष्ट समजावून सांगावी तसं ते बोलत होते. "तुला आमी काढतोय का? नवा साहेब येईल, तू हायसच की हाताखाली. त्याला सगळं शिकवायला तूच लागशील."

त्यांनी 'किंवा'पासून दुसऱ्या 'अनुभव'पर्यंत सरळ रेघ ओढली. समासात स्वतःची ओळ लिहिली. सवयीची असल्यानं ती भरभर लिहून झाली. हनुमाननं शब्द मोजले. ओळ बसली होती, वर जागाही उरली होती.

"आता झाली जाहिरात," सुंदरराव म्हणाले. "पाठव."

हनुमाननं उज्ज्वलाकडे पाहिलं, मग काकांकडे, आणि मजकूर टाइप करायला लागला.

उज्ज्वला आत गेली. कपाटातून कामाच्या वर्णनाची तीन पानं काढून तिनं ती टेबलावर ठेवली, दुसऱ्या पर्यायाचं पान वर. पिशवीतला घडीचा कागद उलगडून त्या पानावर ठेवला. तो अर्ज होता. विषयाच्या ओळीत मंडळाच्या ठरावाची तारीख होती आणि पात्रतेच्या जागी तो दुसरा पर्याय शब्दाला शब्द उतरवलेला होता. खाली आजची तारीख. या जागेसाठी आलेला हा पहिला अर्ज होता, जाहिरात छापून येण्याआधीचा. वाऱ्यानं उडू नये म्हणून तिनं वर लसीची रिकामी बाटली ठेवली.

सुंदरराव मागोमाग आत आले होते. चष्मा लावून त्यांनी वाकून वाचलं. आधी अर्ज वाचला, मग त्याच्या खालून बाहेर आलेली आपली सही.

"याची पोच मागतीस काय माझ्याकडं?" त्यांनी विचारलं.

तिनं पिशवी खांद्याला अडकवली, चपला पायात सरकवल्या आणि अर्ज तसाच टेबलावर ठेवून बाहेर पडली.