उतरायला जागा

तिला सगळे मामी म्हणायचे. खरी मामी ती एकट्या गोटीची, म्हणजे तिच्या नणंदेच्या मुलीची. पण गोटी मैदानावर पहिल्या दिवशी "मामी, पाणी!" म्हणून ओरडली आणि तेव्हापासून चौदा-पंधरा वर्षांच्या बारा पोरींची ती मामी झाली. पंचसुद्धा शिट्टी तोंडातून काढून "मामी, तुमची बदली खेळाडू पाठवा" म्हणायचे. तिला खरं नावही होतं, दवाखान्याच्या हजेरीपटावर. तिथून बाहेर ते कधी आलं नाही.

दिवसभर ती दवाखान्यात एक्स-रे काढायची. "श्वास घ्या, धरा, सोडा" हे ती इतक्या वेळा म्हणाली होती, की घरी नवरा जोरात शिंकला तरी तिच्या तोंडून "सोडा" निघायचं. पाच वाजले की चपला बदलून पाण्याच्या टाकीमागच्या सिमेंटच्या मैदानावर. तिथे बास्केटबॉलचे दोन बोर्ड, एक रिंग जरा वाकडी, आणि मामीचा आवाज. पगार नाही, मानधन नाही. हौस म्हणा, खाज म्हणा.

शाळेत असताना ती स्वतः चांगली खेळायची. उंची बेताची, नेम यथातथा, पण समोरच्याला चेंडू घेऊन पुढे जाऊ द्यायची नाही म्हणजे नाही. तेच तिनं पोरींना शिकवलं. पाय खांद्यांपेक्षा थोडे रुंद, गुडघे वाकलेले, बूड खाली, पाठ सरळ, वजन चवड्यांवर. "खुर्ची काढून घेतलीय आणि तुला कळलंच नाही, अशी बस!" पोरी बसायच्या, मांड्या थरथरायच्या. मग मामी येऊन एका बोटानं खांद्याला ढकलायची. जी हलली ती पुन्हा पहिल्यापासून. सरकताना पायाला पाय लावायचा नाही, पायावर पाय टाकायचा तर नाहीच. नजर समोरच्या पोरीच्या पोटावर. चेंडू फसवतो, डोळे फसवतात, पोट जातं तिकडेच ती जाते.

इथवर मामीचं शिकवणं चोख होतं. घोडं पेंड खात होतं ते पुढे.

चेंडू लांबच्या खेळाडूकडे गेला, ती मोकळी उभी आहे, आणि आपल्याला धावत जाऊन तिला अडवायचंय, अशी वेळ येते. मामीच्या शाळेतल्या बाईंनी तिला यासाठी एकच आरोळी शिकवली होती: "अंगावर जा!" मामीनं ती जशीच्या तशी पुढे दिली. अंगावर जा, थांबू नकोस, उडी मार, हात तोंडापुढे! आणि खोटं कशाला बोला, त्यानं सामने जिंकलेही. समोरच्या पोरी धावत येणारं अंग बघून बिचकायच्या, नेम चुकायचा. मामी बाकावरून टाळ्या वाजवायची. त्या पोरी का बिचकतात, हा विचार तिच्या डोक्याला कधी शिवला नाही.

गोटी या कामात सगळ्यात तरबेज. ठेंगणी, टणक, सोडली की सुटली. तिचं नावच त्यावरून पडलेलं.

त्या शनिवारी समोरच्या संघात एक उंच पोरगी होती, सगळे तिला लांबी म्हणत. तिची उडी बघत राहावी अशी. लांबीकडे चेंडू आला, ती मोकळी. मामी उभी राहून ओरडली, "गोटी, अंगावर जा!" गोटी गेली. लांबी उडाली, चेंडू हातातून सुटला. गोटीही उडाली, पण पुढे उडाली, आणि लांबी खाली येण्याआधी गोटीचा पाय नेमका तिथे येऊन पडला जिथे लांबीला उतरायचं होतं.

लांबी त्या पायावरच उतरली, आवाज बाकापर्यंत ऐकू आला. पंचांनी शिट्टी मारली, फाऊल दिला. लांबी सिमेंटवर पडून घोटा धरून ओरडत होती आणि गोटी तिच्या शेजारी उभी, दोन्ही हात अजून वर.

रिक्षात घालून लांबीला दवाखान्यात नेलं. एक्स-रेच्या खोलीत त्या दिवशी नवखा पोरगा ड्यूटीवर होता, पाय कसा वळवायचा म्हणून गोंधळलेला. मामीनं त्याला बाजूला केलं. लांबीचा पाय तिनं स्वतःच्या हातानं टेबलावर ठेवला, आत वळवला, वाळूची पिशवी लावली. "हलू नकोस हं बाळा." पोरगी ओठ चावून पडून राहिली. पडद्यावर चित्र आलं. निदान सांगायचं काम डॉक्टरांचं, पण वीस वर्षं रोज हाडं बघणाऱ्या बाईला कोणी सांगायची गरज नव्हती. घोट्याचं बाहेरचं हाड आडवं तुटलं होतं.

बाहेर लांबीचे वडील बसले होते. बेकरीत भट्टीवर काम करायचे, तसेच उठून आलेले, कोपरापर्यंत पीठ. त्यांनी विचारलं, "त्या पोरीनं मुद्दाम केलं का हो?"

"नाही नाही," मामी म्हणाली. "खेळात होतं असं कधी कधी."

हे वाक्य खोटं नव्हतं. म्हणूनच ते तिला इतकं सोपं गेलं. पुढचे तीन आठवडे तिनं तेच सगळ्यांना ऐकवलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. गोटी मात्र मैदानावर आली नाही. मामी म्हणाली, येईल, पोर आहे, विसरेल. आणि संध्याकाळी घरी येऊन भाजी चिरताना मध्येच सुरी खाली ठेवून बसायची. कारण गोटीचा तो पाय पुढे कोणी पाठवला होता, ते तिला पक्कं ठाऊक होतं.

चौथ्या आठवड्यात नणंद दवाखान्यातच आली. एक्स-रेच्या खोलीबाहेर रांग होती, तिथे भिंतीला टेकून उभी राहिली. "वहिनी, पोरगी नीट जेवत नाही. काल मला विचारते, आई, मी मुद्दाम केलं असेन का? मला आठवतच नाही म्हणते. मी काय सांगू तिला?"

मामीला लाज वाटली. नुसती लाज नाही, स्वतःची किळस आली. पंधरा वर्षांचं पोर आपलं ओझं वाहतंय आणि आपण मूग गिळून बसलोय. "वन्सं, तुम्ही काही सांगू नका," ती म्हणाली. "मी येते."

गोटी घराच्या जिन्यात बसली होती. मामी दोन पायऱ्या खाली बसली, गुडघे कुरकुरले.

"गोटे, मी सांगितलं तेच तू केलंस. अंगावर जा म्हटलं, गेलीस. थांबू नको म्हटलं, थांबली नाहीस. उडणाऱ्याला खाली यावंच लागतं, त्याला जागा सोडायची असते, हे मी तुला कधी शिकवलंच नाही. चूक माझी आहे."

गोटी पायरीकडे बघत म्हणाली, "मग तीन आठवडे का नाही बोललीस?"

"भ्याले."

"मी रोज रडत होते, मामी."

"माहीत होतं मला," मामी म्हणाली. गोटीनं तिच्याकडे पाहिलं नाही. पण उठूनही गेली नाही.

तिथून मामी तडक बेकरीत गेली आणि लांबीच्या वडिलांना तेच सांगितलं, पहिल्यापासून. ते भट्टीत पाव सरकवत ऐकत होते. "आता हे सांगून काय होणार?" ते म्हणाले. "पाय बरा झाला की तिला माझ्याकडे पाठवा," एवढंच ती म्हणाली. त्यांनी भट्टीचं दार लावलं.

दुसऱ्या दिवशी गोटीही मैदानावर आली. बाराही पोरींना बसवून मामीनं सांगितलं, इतकी वर्षं एक गोष्ट चुकीची शिकवली, आता मोडायची. मोडणं कठीण गेलं. पहिली दोन तृतीयांश वाट जीव तोडून धावायचं, मग बारीक बारीक पावलं, टपटपटप, बूड खाली, वजन मागे, एक हात वर. समोरचीपासून हातभर अंतरावर थांबायचं. ती उडाल्याशिवाय आपण उडायचं नाही, आणि उडायचं तर सरळ वर, पुढे नाही. पोरी पहिल्या आठवड्यात रेल्वेच्या डब्यासारख्या एकमेकींवर आदळल्या. मग हळूहळू लक्षात आलं, की थांबता येतं म्हणून समोरची बगल देऊन निघून जाऊ शकत नाही. आधी उडत गेलेल्या गोटीला चुकवून किती जणी पुढे गेल्या होत्या, ते मामीनं कधी मोजलंच नव्हतं. "मामी, हे तर जास्त चांगलं आहे की!" एक पोरगी म्हणाली. "हो ना," मामी म्हणाली. "तेच तर दुखतंय." गोटी सगळं करायची, अचूक करायची, पण सरावात कोणी तिच्यासमोर चेंडू टाकायला उडालं की डोळे मिटून घ्यायची.

चार महिन्यांनी लांबीचे वडील तिला घेऊन मैदानावर आले. ते कठड्यावर बसले. लांबीचा शेवटचा एक्स-रे मामीनंच काढला होता. हाड सुरेख जुळलं होतं, डॉक्टरांनी खेळायला मोकळीक दिली होती.

पण पोरगी उडेना. चेंडू हातात आला, समोरून कोणी आलं की ती खाली बघायची, स्वतःच्या पायांकडे, आणि चवडे जमिनीला चिकटवून तसाच चेंडू फेकायची. मामी स्वतः तिच्यासमोर धावून आली, थांबली. उडी नाही. दुसरीला पाठवलं. उडी नाही. एक्स-रेत दिसत नाही असं काहीतरी तुटलं होतं, आणि ते जोडायचं कसं, हे कोणत्याच पुस्तकात मामीनं वाचलं नव्हतं.

"मी जाते," गोटी म्हणाली.

दोघी समोरासमोर आल्या. गोटी धावली, पावलं बारीक केली, हातभर अंतरावर थांबली, हात वर. डोळे उघडे. लांबीनं खाली पाहिलं. फेकलं, न उडता. गोटी मागे गेली. पुन्हा आली. पुन्हा थांबली, त्याच जागी. लांबीनं पुन्हा खाली पाहिलं. असं दहा वेळा, वीस वेळा. घामानं गोटीचा शर्ट पाठीला चिकटला. मामीला वाटलं आता बास म्हणावं, पण गोटी तोवर पुन्हा मागे गेली होती.

सत्ताविसाव्या की अठ्ठाविसाव्या वेळी गोटी थांबली आणि धापा टाकत म्हणाली, "तुझे पाय नको बघूस. माझे बघ. मी इथेच आहे."

लांबीनं गोटीच्या पायांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग मान वर करून रिंगकडे पाहिलं आणि उडाली. फार नाही, वीतभर. दोन्ही पायांवर खाली आली. तिच्या बुटांसमोर रिकामं सिमेंट होतं, आणि त्यापलीकडे गोटी, जागची न हललेली.

चेंडू रिंगच्या आसपासही गेला नव्हता. तो घरंगळत कठड्याशी गेला आणि लांबीच्या वडिलांनी उचलला. ते तो धरून तसेच उभे राहिले. मामीला डोळे पुसायचे होते, पण सगळ्यांदेखत ते तिला कधी जमलं नाही, म्हणून तिनं नुसता हात पुढे केला.

"द्या इकडे," ती म्हणाली. "अजून एकदा टाकू दे तिला."