बाबांची मूठ

डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलं, तसा बाबांनी ठाकुर्ली स्टेशनबाहेरचा वडापाव सोडला. भूक लागली की मूठभर बदाम-काजू खा, असं शेजारच्या काकांनी सांगितलेलं. बरणी टीव्हीशेजारीच असायची, येता-जाता मूठ भरायची. काही महिन्यांनी पाहिलं तर वजन उलट वाढलेलं.

चिडून मी त्यांची एक मूठ ओट्यावरच्या वजनकाट्यावर ओतली. साठ ग्रॅम!

"बाबा, या एका मुठीत तीन पोळ्यांएवढ्या कॅलरी आहेत."

आयुष्यभर कारखान्यात नट-बोल्टचे पाने फिरवलेला तो रुंद पंजा त्यांनी उलटसुलट करून पाहिला. म्हणाले, "याच मुठीनं तुला शेंगदाणे द्यायचो. तेव्हा तुला कमी पडायचे."

आता बरणी वरच्या फळीवर असते. बदाम मी माझ्या मुठीनं देते. त्यांना कमी पडतात.