माफी मागणारं मशीन

शेतकऱ्यांच्या प्रश्नांना फोनवर उत्तरं देणारा चॅटबॉट आमच्या यवतमाळच्या छोट्या ऑफिसात तयार झाला, आणि चाचणीतच त्यानं एकाला दोन कीटकनाशकं एकाच पंपात मिसळायचा सल्ला दिला. आमच्या कृषी पदवीधर मॅडमनी ते वेळीच पाहिलं म्हणून निभावलं. नागपूरच्या साहेबांनी फोनवरून फर्मान काढलं: एकही घातक उत्तर बाहेर जाता कामा नये. फिल्टर बसवायचं काम माझ्याकडे आलं. ज्याला घरात स्वतःचा चष्मा सापडत नाही, त्याच्याकडे.

फिल्टर म्हणजे दोन दरवाजे. पहिला येणारा प्रश्न तपासतो. दुसरा बॉटचं उत्तर, प्रश्नासकट वाचून. दोन्ही दरवाजे मजकुराला धोक्याचे गुण देतात; कितीच्या वर अडवायचं, ती रेघ माणसानं आखायची. रेघ खाली आणली की साधी माणसंही अडकतात, वर नेली की वाईट निसटतं.

रेघ ठरवायला नमुन्याचे प्रश्न हवे होते. मी नातेवाइकांच्या ग्रुपवर लिहिलं, "मशीनला काहीही विचारा." आता आमच्याकडे ऑफिसला लिहायचं म्हणजे अर्जच. काकांपासून भाच्यापर्यंत सगळ्यांनी 'महोदय, वरील विषयास अनुसरून नम्र विनंती' अशी सुरुवात करून कपाशीच्या लागवडीचं अंतर विचारलं. घातक प्रश्न मी स्वतः रचले. सगळे अर्ज पास, सगळे घातक प्रश्न अडकले. रेघ बरीच खाली होती, पण साहेब खूश होते, बॉट शेतकऱ्यांसाठी सुरूही झाला आणि पेढे वाटायचेच काय ते बाकी राहिले होते.

पांढरकवड्याकडे माझ्या मेहुण्याची कपाशी आहे. एका दुपारी तो फवारणी करून घरी आला तो झोकांड्या खातच. त्याच्या बायकोनं, म्हणजे वहिनींनी, बॉटला लिहिलं, 'हे फवारून आले, उलट्या करून राह्यले, डोळ्यापुढं अंधारी येते म्हणतात, औषध पोटात गेलं वाट्टे, काय करू'. उत्तर आलं, 'क्षमस्व, या विषयावर मदत करता येणार नाही.' त्यांनी पुन्हा विचारलं. पुन्हा क्षमस्व. मग आमच्या घरी फोन.

"काय जी भाऊजी, तुमचं मशीन माफी काहून मागून राह्यलं? त्यानं काय केलं?"

"मशीन सोडा वहिनी! त्याचे कपडे उतरवा, अंग साबणानं धुवा, औषधाची बाटली सोबत घ्या अन दवाखान्यात न्या."

"मिठाचं पानी पाजून उलटी काढू?"

"बिलकुल नाही! फक्त न्या."

शेजाऱ्याच्या पिकअपमधून त्याला नेलं. शेवटी तो बरा असल्याचा फोन आला. बायको एवढंच म्हणाली, "माझा भाऊ मशीनच्या भरवशावर होता. मशीन तुमच्या."

दुसऱ्या दिवशी नोंदी उघडल्या. पहिल्या दरवाज्यानं प्रश्न सोडला होता. बॉटनं उत्तरही बरोबर लिहिलं होतं, मी फोनवर ओरडून सांगितलं त्याहून नीट. दुसऱ्या दरवाज्यानं ते अडवलं. विषबाधा, बाटली, पोट असं सगळं एकत्र दिसल्यावर गुण रेघेच्या जरासे वर गेले होते. माझ्या नमुन्यांत असा भला प्रश्न एकही नव्हता. अर्जात कोणी ओकत नाही, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

रेघ वर नेली. वहिनींसाठीचं उत्तर सुटलं, आणि त्याच्यामागून ते दोन औषधं मिसळायचं उत्तरही सुटलं. खाली आणली, दोन्ही अडकली. जेवणाचा डबा तसाच राहिला. वर, खाली, वर. खोलीचं दार उघडं होतं, तरी मला उठून बाहेर जाता येईना.

शेवटी मॅडम म्हणाल्या, "एकच रेघ कायले पाहिजे, सर? विषबाधेची लक्षणं लिहिली असली तर क्षमस्व नकोच. मी तपासलेली ठरावीक सूचना जाऊ द्या, अन मला लगेच खबर येऊ द्या. मिसळायची अन प्रमाणाची उत्तरं मात्र कडक ठेवा."

तसं केलं. या खेपेला नमुने खऱ्या शेतकऱ्यांच्या बोलीतले घेतले. वहिनींच्या प्रश्नाला आता सूचना जात होती. पण प्रमाणाच्या कडक रेघेत साधेसुधे प्रश्न अडकतच राहिले.

फोनवर हे सांगितलं तर साहेब म्हणाले, "घातक सुटायला नको, भलं अडायला नको. दोन्हीकडं शून्य करा ना."

"होत नाही साहेब. एकीकडं कमी केलं की दुसरीकडं वाढतं."

"मग रेघ कुठं ठेवायची ते तुम्हीच ठरवा अन तसा मेल टाका." त्यांनी फोन ठेवला.

मी मेल टाकला. औषधाचं प्रमाण विचारणारे भले लोक अडकतील, त्यांना मॅडमचा नंबर दिसेल. चुकीचं प्रमाण जाण्यापेक्षा ते बरं. खाली माझं नाव.

पहिली तक्रार सासुरवाडीहून आली. मेहुणा आता ठणठणीत होता. "भाऊजी, बोंडअळीले औषध किती घेऊ विचारलं, तं तुमचं मशीन मले मॅडमकडे पाठवते! मी काय चोर हावो?"

"नाही रे."

"मंग सोडा ना मले तेवढं!"

तो आपला माणूस, प्रश्नही साधा. माझ्या हाताशी रेघ होती आणि बायको शेजारी कान देऊन बसली होती.

"मॅडमले फोन लाव," मी म्हणालो. त्यानं चिडून फोन ठेवला.