बेचाळीस नंबरची पाटी

सोलापुरात गिरणीच्या प्रशिक्षण विभागात मी टायपिस्ट होते, तेव्हाची गोष्ट. सांगायला आजही जीभ अडखळते बघा.

नव्या कामगारांसाठी मागावरच्या कामाची फिल्म आली होती, इंग्रजी बोलणारी. खाली मराठी पाट्या छापायच्या होत्या. मजकूर आमच्या जुन्या जॉबरनं, म्हणजे मागांवरच्या मुकादमानं, सांगितलेला, मी टाइप केलेला. छपाईला मुंबईला जाण्याआधी तो तपासायचं कामही माझ्याकडंच. एका पाटीत दोन ओळी, एका ओळीत फार तर बावीस अक्षरं. ओळ तोडायची ती बोलताना श्वास घेतो तिथं. पूर्णविराम सगळीकडं सारखे, आणि ‘धोटा’ एकदा लिहिला की शेवटपर्यंत धोटाच, मध्येच शटल नाही. शाळा सातवीपर्यंतच झालेली, पण हे मला छान जमायचं. त्याचा तोराही होता.

एकेचाळीस नंबरची पाटी होती, ‘आधी माग बंद करा.’ बेचाळीसची, ‘मग तुटलेला धागा जोडा.’ मला ती एकेक ओळ उघडीबोडकी वाटली. मी एकेचाळीस खोडली आणि बेचाळीसमध्ये लिहिलं:

तुटलेला धागा हाताने जोडा,
पण त्याआधी माग बंद करा.

दोन्ही ओळी कशा जोडीला जोड. पाटीची वेळ मात्र होती तेवढीच राहिली, एका ओळीपुरती. जॉबर कागद बघून म्हणाले, “बाई, आमची माणसं घरात तेलुगू बोलत्यात. मराठी अक्षर लावून लावून वाचत्यात. पुरंल का?”

मी हसले. म्हटलं, “मामा, तुम्ही माग बघा, अक्षरं मी बघते.”

फिल्म छापून आली. पहिल्याच खेळाला नवे कामगार पाटी मोठ्यानं वाचत होते. ‘तुटलेला धागा हाताने जोडा’पर्यंत आले आणि पाटी गेली. पडद्यावर नुसते धागा धरलेले हात दिसत होते, माग थांबलाय का चालू ते कळत नव्हतं. पुढच्या बाकावरच्या एकानं शेजाऱ्याला हात पुढं करून धागा कसा धरायचा ते दाखवलंसुद्धा.

आमच्या विभागाच्या साहेबांनी दिवे लावायला सांगितले आणि विचारलं, हा मजकूर कुणाचा. मी म्हटलं, जॉबरमामांनी सांगितलेला. खोटं नव्हतं म्हणा. पण खरंही नव्हतं.

मामांनी माझ्याकडं एकदा बघितलं. “व्हय साहेब, माजाच हाय,” म्हणाले. साहेबांनी त्यांना सगळ्यांसमोर झापलं, इतकी वर्षं मागावर काढून एवढं कळत नाही म्हणून. मी मान खाली घालून वहीवर रेघा ओढत बसले.

फिल्मवर छापलेलं काही पुसता येत नाही. मग दर तुकडीला मामा पडद्याशेजारी उभे राहायचे आणि बेचाळीस नंबर यायच्या आत, आधी मराठीत, मग मोडक्यातोडक्या तेलुगूत ओरडायचे, माग बंद करा.

दुसऱ्या फिल्मचे कागद आले तेव्हा मी आपण होऊन ते त्यांच्याकडं घेऊन गेले. माफी मागायचं ठरवून गेले होते. तोंडातून निघालं एवढंच, “मामा, एकेक अक्षर लावून वाचाल का? मी घड्याळ बघते.”

ते चष्मा लावून वाचायला बसले. मी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.